आठवा रकाना

१९११ च्या खानेसुमारीच्या तक्त्यात सोळा रकाने होते. पहिल्यात घराचा नंबर, दुसऱ्यात माणसाचा अनुक्रमांक, तिसऱ्यात नाव, चौथ्यात धर्म. मग स्त्री की पुरुष, लग्न झालंय की नाही, वय. आणि आठव्यात जात, जमात किंवा वंश. त्यापुढे धंदा, जन्मस्थळ, भाषा, लिहिता-वाचता येतं का, इंग्रजी येतं का आणि सर्वांत शेवटी वेड, बहिरं-मुकेपण, अंधत्व, महारोग. एका ओळीत एक माणूस आणि आठव्या रकान्यात एकच उत्तर.

‘इंग्रजांनी जाती निर्माण केल्या’ हे वाक्य आजकाल बरंच ऐकू येतं. मला ते आळशी वाटतं. गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला आपली जात काय हे सांगायला कुठल्याही कलेक्टरची गरज नव्हती. त्याची सीमा पाणवठ्यावर रोज आखली जात होती. पण जातीच्या या व्यवस्थेत काही जागा खरोखर सैल होत्या. शेतकरी आणि लढवय्ये यांच्यामध्ये, जंगलातली वस्ती आणि सपाटीवरचं गाव यांच्यामध्ये, एकाच नावाच्या दोन व्यवसायांमध्ये. तिथे माणूस ‘कोण’ आहे हे विचारणारा कोण आणि कशासाठी विचारतोय, यावर ठरत असे. खानेसुमारीने जात शोधून काढली नाही. तिने हा सैलपणा काढून घेतला. आणि हे काम कुणा साहेबाच्या सिद्धांतापेक्षा जास्त कारकुनी कामाच्या रीतीने झालं.

कुणबी हा शब्द घ्या. मुळात तो शेती कसणाऱ्याचा शब्द. त्याच घरातला एखादा शिलेदारीत गेला, दोन पिढ्यांत वतन मिळालं, सोयरीक वरच्या कुळाशी झाली, की ते घर मराठा म्हणवून घेई. ‘कुणबी मातला, मराठा झाला’ ही म्हण चेष्टेची आहे, पण तिच्यात एक पक्की समाजशास्त्रीय नोंद आहे: एका नावातून दुसऱ्या नावात जायची वाट उघडी होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. एकाच माणसाला पाटलाच्या चावडीवर कुणबी, लग्नाच्या बैठकीत मराठा, परमुलखात नुसतं दक्षिणी आणि सोयऱ्यांच्या हिशेबात जाधव किंवा शिंदे म्हणता येत असे. यातलं एक खरं आणि बाकीची खोटी असं नव्हतं. प्रश्न बदलला की उत्तर बदले, एवढंच.

आता हे उत्तर तक्त्यात कसं शिरतं ते पाहू. आधी घरांवर नंबर पडत. मग गावाचे गट केले जात, साधारण तीस ते पन्नास घरांचा एक, आणि प्रत्येक गटावर एक गणक नेमला जाई. गणक म्हणजे बहुतेक वेळा तलाठी, कुलकर्णी किंवा शाळामास्तर. या कामाचा पगार वेगळा नसे. दहा-पंधरा गटांवर एक तपासनीस आणि त्याच्यावर तालुक्याचा मामलेदार. ठरलेल्या रात्रीच्या काही आठवडे आधी गणक घरोघर फिरून तक्ता काळ्या शाईने भरून ठेवी. खरी गणती एका रात्रीची: १८८१ ला १७ फेब्रुवारी, १९०१ ला १ मार्च, १९११ ला १० मार्च. त्या रात्री तो कंदील घेऊन पुन्हा दारोदार जाई, मेलेल्यांची आणि गावाला गेलेल्यांची नावं लाल शाईने खोडी, नवं मूल किंवा पाहुणा आला असेल तर लाल शाईने वाढवी.

लाल शाई आठव्या रकान्याला क्वचितच लागली असणार. जात काही आठवड्यांत बदलत नाही असं गृहीतच होतं. आणि पहिल्या फेरीत तरी ती किती वेळा विचारली गेली असेल? गावचा कुलकर्णी सगळ्यांना ओळखतो. त्याला जे ठाऊक आहे, म्हणजे त्याच्या जागेवरून जे दिसतं, ते तो लिहितो. ज्याला स्वतःच्या घरात आपण मराठा वाटतो, तो कुलकर्ण्याच्या नजरेत पिढ्यान् पिढ्या कुणबीच असू शकतो. कुणाचं चुकलं असं म्हणता येणार नाही. पण लिहिलं गेलं एकाचंच.

यापुढचा टप्पा सहसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरं घट्ट होणं तिथे घडतं. १९०१ पासून हिंदुस्थानात चिठ्ठ्यांची पद्धत आली. त्याआधी कारकून मोठ्या कागदांवर रेघा मारून बेरजा करत. आता तक्त्यातल्या प्रत्येक माणसाची एक छोटी चिठ्ठी करायची. चिठ्ठीचा रंग धर्मावरून ठरे. स्त्री-पुरुष, विवाहित-अविवाहित-विधवा यांच्या खुणा चिठ्ठीवर आधीच छापलेल्या असत. बाकीचे तपशील उतरवून घ्यायचे, तेही कामाच्या घाईत संक्षेप करून. मग या चिठ्ठ्यांचे गठ्ठे वर्गवारी करणाऱ्यांपुढे येत. समोर लाकडी खणांची मांडणी, प्रत्येक खणावर एका जातीचं नाव. चिठ्ठी वाचायची, खणात टाकायची, शेवटी खणातल्या चिठ्ठ्या मोजायच्या.

चिठ्ठी एकाच वेळी दोन खणांत जात नाही. सगळं प्रकरण या एका वाक्यात मावतं. ‘मराठा-कुणबी’ असं कुणी लिहिलं तर ती कुठे टाकायची, हा कारकुनाचा रोजचा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर म्हणून जातींच्या नावांची सूची तयार केलेली असे. अमुक नाव आलं तर ते तमुक जातीत धरावं. शब्दलेखनातले फरक एकत्र करावेत. आडनाव, गोत्र, पदवी, नुसता धंदा लिहिलेला असेल तर तो जात म्हणून धरू नये. लहान गट ‘इतर’मध्ये घालावेत. मुंबई इलाख्यात १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख एन्थोव्हेन होते. त्यांच्या वर्गीकरणात हा मोठा समूह मराठा, मराठा कुणबी आणि कोकणी मराठा अशा भागांत मांडला गेला. छापील तक्त्यात ही नावं एकाखाली एक आली की ती तीन वेगळी माणसं वाटू लागतात.

या सूचीने किती काम केलं याचा अंदाज आपल्याला फार उशिरा आला. १९३१ च्या खानेसुमारीत सगळ्या देशात मिळून ४,१४७ जाती मोजल्या गेल्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत लोकांनी सांगितलं तसं उतरवून घेतलं, तेव्हा ४६ लाखांहून जास्त वेगवेगळी नावं जमा झाली. हे आकडे केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिले. ऐंशी वर्षांत जाती हजारपट झाल्या नाहीत, हे उघड आहे. पोटजात, कूळ, आडनाव, बोलीतला उच्चार, लेखनातली चूक, सगळं वेगळं नाव म्हणून मोजलं गेलं. पण त्याचा अर्थ उलट बाजूनेही लावायला हवा: ४,१४७ हा आकडाही समाजात तसाच पडलेला नव्हता. तो खणांच्या मांडणीने आणि सूचीने घडवला होता. माणसं उत्तरं देतात ती पसरट. नीटस यादी टेबलावर तयार होते.

जमातींच्या बाबतीत गाठ आणखी आधी बसली, चौथ्या रकान्यात. भिल्ल, ठाकर, वारली, कातकरी यांचा धर्म काय लिहायचा? वाघदेवाला कोंबडं देणारा माणूस महादेवाच्या जत्रेलाही जातो, शिमगाही करतो. सूचना अशी होती की जो हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे नाही, त्याच्या धर्माच्या रकान्यात त्याच्या जमातीचंच नाव लिहावं. म्हणजे चौथ्यातही भिल्ल आणि आठव्यातही भिल्ल. मग झाडाडोंगरांतही जीव मानणारे म्हणून अशा सगळ्यांना अहवालात एक नाव मिळे: सर्वजीववादी, नंतर जमातींचा सर्वजीववाद, नंतर जमातींचा धर्म. नाव दर दहा वर्षांनी बदलत गेलं, वस्तू तीच.

आता रंगीत चिठ्ठी आठवा. धर्मावरून रंग ठरतो आणि रंगावरून गठ्ठा. एकाच पाड्यावरच्या दोन भावांपैकी एकाला गणकाने हिंदू लिहिलं आणि दुसऱ्याला भिल्ल, तर त्यांच्या चिठ्ठ्या पहिल्याच टप्प्याला वेगळ्या गठ्ठ्यांत गेल्या. शेजारच्या तालुक्यात सगळे हिंदू आणि इकडे सगळे सर्वजीववादी, असं दिसलं तर तो भक्तीतला फरक असेलच असं नाही. दोन मामलेदारांनी दिलेल्या तोंडी सूचनांतलाही असू शकतो. हे त्या खात्यातल्या लोकांना कळत नव्हतं असं अजिबात नाही. १९०१ चे आयुक्त रिस्ली यांनीच हिंदू धर्म म्हणजे तत्त्वज्ञानाने कमी-जास्त बदललेला सर्वजीववाद, असं लिहून ठेवलं आहे. मग दोघांमध्ये रेघ कुठे मारायची? १९२१ च्या मुंबई इलाख्याच्या अहवालात सेजविक यांनी तर स्पष्ट म्हटलं की धर्म म्हणून हा वर्ग पूर्णपणे टाकून द्यावा आणि त्यातल्या सगळ्यांना पुढच्या वेळी हिंदूंत धरावं. सेजविकांचा उपायही मला फारसा रुचत नाही, कारण तोही एका खणातून दुसऱ्या खणात सगळ्यांना ओतण्याचाच होता. पण त्यांनी दुखणं अचूक ओळखलं होतं: रेघ लोकांच्या आचारात नव्हती, तक्त्यात होती.

लोक मात्र बघे राहिले नाहीत. रिस्ली यांनी १९०१ ला जाती नुसत्या वर्णानुक्रमे न मांडता, लोकमताप्रमाणे उच्च-नीच क्रमाने मांडायला सांगितल्या. झालं! छापील पुस्तकात आपल्या जातीची पायरी कितवी, हा सरकारदरबारचा प्रश्न झाला. देशभर जातीच्या सभा भरल्या, अर्ज लिहिले गेले, जुन्या पोथ्यांतले श्लोक जोडले गेले. १९११ ला बंगालच्या खानेसुमारीचे प्रमुख ओमॅली यांनी त्यांच्याकडे आलेल्या अशा अर्जांचं वजन दिलंय: दीड मण. इंग्रजी मणाने हिशेब केला तर छपन्न किलोच्या आसपास. या अर्जांकडे हसून पाहू नये असं मला वाटतं. पूर्वी वर सरकायला दोन-तीन पिढ्यांची सोयरीक, जमीन आणि मान लागत असे. आता दहा वर्षांतून एकदा एक शब्द बदलून घ्यायचा होता. वाट बंद झाल्यावर लोक खिडकीशी गर्दी करणारच.

घाटावरच्या कुणब्यांनीही हेच केलं आणि मोठ्या प्रमाणावर आपली नोंद मराठा अशी करू लागले. त्यामुळे जुने खंड वाचताना एक सवय लावून घ्यावी लागते. एखाद्या जातीचा आकडा एकदम वाढलेला किंवा घटलेला दिसला की आधी शेजारचा आकडा बघायचा आणि दोन्हींची बेरीज करायची.

समजा, एका तालुक्यात एका खानेसुमारीत २०,००० कुणबी आणि १०,००० मराठे आहेत. दहा वर्षांनी कुणबी १२,००० आणि मराठे २०,४००. कुणबी चाळीस टक्क्यांनी घटले, मराठे दुपटीहून जास्त झाले. वेगवेगळं वाचलं तर एका जातीवर मोठं अरिष्ट आलं आणि दुसरीची भरभराट झाली. बेरीज करा: ३०,००० चे ३२,४०० झाले, म्हणजे आठ टक्के वाढ. आता सगळ्या तालुक्याची वाढ बघायची. तीही आठ टक्क्यांच्या जवळपास असेल, तर माणसं कुठेही गेली नाहीत, चिठ्ठ्या खण बदलून बसल्या. किती बसल्या तेही काढता येतं. आठ टक्क्यांनी वाढते तर कुणबी २१,६०० असते. आहेत १२,०००, फरक ९,६००. मराठे १०,८०० असते. आहेत २०,४००, फरक पुन्हा ९,६००. दोन्ही बाजूंचा फरक असा जुळला की शंका उरत नाही. जुळला नाही तर मात्र थांबायचं. मग तिसरा एखादा खण, कुणी ‘इतर’मध्ये गेलेलं, किंवा तालुक्याची हद्दच बदललेली असू शकते. हद्दी बदलण्याचं प्रमाण आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आहे, म्हणून खंडाच्या सुरुवातीचा हद्दींविषयीचा मजकूर कंटाळवाणा असला तरी वाचावा.

१९११ ते १९२१ हे दशक या पडताळणीला फार सोयीचं आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मुंबई इलाख्याची एकूण लोकसंख्याच घटली. अशा दशकात एखादी जात भरघोस वाढलेली दिसली, तर ती पाळण्यातून वाढलेली नाही हे समजायला संख्याशास्त्र लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर जातीचा रकाना गेला, पण यादी राहिली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशांत अनुसूचित जाती आणि जमातींची नावं आली, आणि या नावांमागे जुन्या याद्यांची, जुन्या वर्गवारीची सगळी मुळं होती. आपल्याकडे सर्वांत मोठा घोळ झाला तो ‘कोळी’ या शब्दाचा. समुद्रावरचे सोनकोळी, सह्याद्रीतले महादेव कोळी, डांगाकडचे ढोर किंवा टोकरे कोळी, मल्हार कोळी. हे एकमेकांपासून पुष्कळच लांबचे समाज. पण शाळेच्या रजिस्टरात मास्तर लिहिणार ‘हिंदू कोळी’, कारण बापाने विचारल्यावर तेवढंच सांगितलं. यादीत मात्र ‘कोळी महादेव’ आहे, नुसता ‘कोळी’ नाही. सांगणाऱ्याला पुढचा शब्द सांगायची गरज वाटली नाही. त्याच्या डोंगरात सगळे तेच होते.

शिवाय अनेक जमातींना सवलत ठरावीक तालुक्यांपुरती होती. अकोले तालुक्यातला महादेव कोळी अनुसूचित जमातीचा, पण हद्द ओलांडून दुसऱ्या तालुक्यात वसलेला त्याचाच भाऊबंद नाही. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही तालुक्यांची अट निघाली. परिणाम खानेसुमारीत असा दिसतो: महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमातींची संख्या १९७१ ला सुमारे २९.५ लाख होती, १९८१ ला ती सुमारे ५७.७ लाख झाली. वर सांगितलेलीच पडताळणी इथे लावा. कुठलाही समाज दहा वर्षांत जन्माने दुप्पट होत नाही. काही खरे होते ते आत आले, काही नावाच्या साम्यावर आत आले, आणि तेव्हापासून आजपर्यंत जात पडताळणी समित्या आणि न्यायालयं या दोघांना वेगळं करत बसली आहेत.

वेगळं कसं करतात हे पाहिलं की जुना आठवा रकाना अजून किती जिवंत आहे ते कळतं. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यातला दावा महादेव कोळी असण्याचाच होता. त्या निकालाने पडताळणीची पद्धत घालून दिली. तेव्हापासून कागदांबरोबर रूढी, देवदेवता, लग्नविधी, मर्तिकाचे विधी यांचीही चौकशी होते. तिला आप्तभाव चाचणी म्हणतात. म्हणजे चार पिढ्यांपूर्वी ठाण्यात किंवा नगरमध्ये आलेल्या माणसाच्या नातवाने, ज्याने आजोबाची बोलीही ऐकलेली नाही, आपल्या जमातीचा देव कोणता ते अधिकाऱ्यापुढे सांगायचं. गंमत अशी की शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा वर्णनात्मक ग्रंथातली रूढींची यादी बरोबर पाठ करणारा इथे पास होऊ शकतो आणि खरा माणूस गडबडू शकतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही, असं ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं. १९५० पूर्वीच्या कागदाला सर्वांत जास्त वजन. नागपूरकडचे विणकर कोष्टी स्वतःला हलबा जमातीचे म्हणवतात, त्या हलबा-कोष्टी वादात २००० साली न्यायालयाने याच्याही पुढची मर्यादा सांगितली होती: यादीत ‘हलबा’ लिहिलं आहे तर त्यात कोष्टी येतात का, याची चौकशी करायची नाही, शब्द आहे तसाच वाचायचा.

कुणबी-मराठ्यांचं गाडं याच्या नेमकं उलट्या दिशेने फिरलं. विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात, मराठवाडा निजामाच्या राज्यात, घाट आणि कोकण मुंबई इलाख्यात. तीन कारभार, तीन सूच्या. विदर्भात आणि कोकणात कुणबी हे नाव टिकलं, घाटावर ते मराठ्यात विरलं, मराठवाड्यात जुन्या गणतीत सापडतं आणि नंतर कागदोपत्री ओसरतं. शंभर वर्षांपूर्वी जो शब्द टाकण्यासाठी लोक धडपडले, त्याच शब्दाचा दाखला आज त्यांची पणतवंडं शोधतायत, कारण इतर मागास वर्गाच्या यादीत तोच आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली ती या नोंदी शोधण्यासाठी.

इथे बहुतेकांची एक गफलत होते. जुन्या गॅझेटियरमध्ये किंवा खानेसुमारीच्या खंडात ‘अमुक जिल्ह्यात इतके कुणबी’ असं सापडलं की पुरावा मिळाला असं वाटतं. त्यात फक्त आकडा आहे, नाव एकाचंही नाही. नावं तक्त्यात आणि चिठ्ठीवर होती, आणि बेरजा छापून झाल्यावर ते सगळे कागद रद्दीत गेले. ज्या यंत्राने माणसाला एका शब्दात बसवलं, त्याने शब्द ठेवला आणि माणूस फेकून दिला. त्यामुळे एका घराचा माग काढायचा तर खानेसुमारी उपयोगाची नाही. कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचं जनरल रजिस्टर, महसुली कागद हेच बघावे लागतात, आणि त्यातले पुष्कळ मोडीत असतात.

मोडी वाचता येणं इथे अर्धीच तयारी असते. जातीच्या जागी नुसतं ‘कु’ लिहून पुढे टिंब दिलेलं दिसतं, तेव्हा ते कुणबी की कुंभार? एकट्या ओळीवरून सांगू नये. त्याच हस्ताक्षरातली आजूबाजूची पानं उलटायची. लिहिणाऱ्याने कुंभार हा शब्द दुसरीकडे पूर्ण लिहिला आहे का? ‘कु’वाल्या घरांची आडनावं कोणती आहेत, आणि त्याच आडनावाची माणसं दुसऱ्या वर्षीच्या पानावर काय म्हणून येतात? गावात कुंभारांची घरं सहसा थोडी. दर पानावर पंधरा ‘कु’ असतील तर ते कुंभार नसणार. आणि पानावर सगळी मिळून दोनच ‘कु’ असतील, दोन्ही एकाच आडनावाची, तर वाचकाने कागद बाजूला ठेवून आधीच्या वर्षाचं बुक मागवावं.